घरकर्ज असलं म्हणजे जुनीच करप्रणाली फायद्याची, असं असतं का?

प्रश्न : नाशिकलाच नोकरी आहे. वर्षाचा पगार १६ लाख, त्यात बेसिक ८ लाख. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, या एप्रिलपासून हप्ता सुरू झालाय आणि आम्ही तिथेच राहतो. कर्ज ३५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. पगारातून पीएफ महिना ८ हजार जातो. शिवाय पीपीएफ, एलआयसी, ईएलएसएसची एसआयपी आणि २२ हजारांचा मेडिक्लेम आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, कर्ज आहे तर जुनीच ठेव. काय करू?

उत्तर :

नवी घ्या. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर नवीत वर्षाला साधारण ५८ हजार रुपये कमी कर लागतो. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पगारपत्रकांचं काम बघतो. दर जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे गोळा करताना अगदी तुमच्यासारखी माणसं भेटतात. बहुतेकांनी जुनी निवडलेली असते आणि कारण एकच सांगतात, ‘घराचं लोन आहे ना.’ त्यामुळे हिशोब नीट मांडून दाखवतो. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

नवीचा हिशोब दोन मिनिटांचा आहे. १६ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात १५,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २० हजार. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४० हजार. वरच्या सव्वातीन लाखांवर १५ टक्के, म्हणजे ४८,७५०. बेरीज १,०८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरला की १,१३,१००. एकाही पावतीची गरज नाही.

आता जुनी. इथे माणसं आपली सगळी गुंतवणूक डोळ्यासमोर आणतात आणि वाटतं की पाच-सात लाख तर सहज वजा होतील. प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

तुमच्या कर्जाचा हप्ता ३०,३७४ च्या आसपास असेल. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला सुमारे ३ लाख ६४ हजार भरता, त्यातले सुमारे २ लाख ९५ हजार व्याजात जातात आणि ७० हजारांच्या जवळपास मुद्दल फिटते. राहत्या घराच्या व्याजाची वजावट मात्र २ लाखांवर थांबते. म्हणजे वरचे ९५ हजार जुन्या प्रणालीतही कोणी विचारत नाही.

मुद्दल जाते ८०सी मध्ये, आणि खरी गोष्ट इथे आहे. ८०सीची मर्यादा दीड लाख. तुमचा पीएफ वर्षाला ९६ हजार, अधिक ७० हजार मुद्दल, झाले १ लाख ६६ हजार. दीड लाखाचा डबा पीएफ आणि हप्त्यानेच भरून वाहतोय. पीपीएफ, एलआयसी, ईएलएसएस या तिन्हींमुळे तुमचा कर आज एक रुपयाही कमी होत नाही, जुनी ठेवली तरीही. पगारातून कापला जाणारा पीएफ ८०सीत धरला जातो, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही, आणि मार्चमध्ये ‘टॅक्स वाचवायला’ म्हणून आणखी एक पॉलिसी गळ्यात पडते. (काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता महिना १,८०० च कापतात. तिथे ८०सीत जागा उरते, म्हणून प्रत्येकाने स्वतःची पगाराची स्लिप बघावी.)

तर जुनीत तुमच्या वजावटी अशा : प्रमाणित वजावट ५० हजार (जुनीत ती ७५ नाही), व्यवसाय कर अडीच हजार, व्याज २ लाख, ८०सी दीड लाख, मेडिक्लेम २२ हजार. एकूण ४,२४,५००. करपात्र उत्पन्न ११,७५,५००. जुनीत १० लाखांच्या वर थेट ३० टक्के लागतात. कर होतो १,६५,१५० आणि उपकरासह १,७१,७५६. नवीपेक्षा ५८,६५६ रुपये जास्त.

एनपीएसमध्ये स्वतःचे ५० हजार टाकून जादा वजावट घेतली तर? त्याने १५,६०० वाचतील. तरीही नवी ४३ हजारांनी पुढेच राहते, आणि ते ५० हजार तुमच्या हातातून गेलेले असतात ते वेगळं.

तुमच्या पगाराला दोन्ही प्रणाली बरोबरीत यायला जुनीत एकूण ६,१८,७५० रुपयांच्या वजावटी लागतात. तुम्हाला आणखी १ लाख ९४ हजार कमी पडतात. ही फट पूर्वी कशाने भरायची? घरभाडे भत्त्याने. भाड्याच्या घरात असताना एचआरएची सूट मिळत होती. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात त्या दिवशी ती संपली. घरकर्जामुळे जुनी फायद्याची होते असं जे म्हणतात, ते व्याजाची वजावट मोजतात आणि एचआरएची गेलेली सूट विसरतात.

मी हे वेगवेगळ्या पगारांना लावून पाहिलंय. स्वतःच्याच घरात राहणारा पगारदार, व्याज पूर्ण २ लाख, ८०सी पूर्ण, एनपीएसचे ५० हजार, स्वतःचा मेडिक्लेम २५ हजार आणि वर ज्येष्ठ आईवडिलांच्या मेडिक्लेमचे ५० हजार, एवढं सगळं धरलं तरी ५० लाखांपर्यंतच्या कुठल्याच पगारावर जुनी जिंकत नाही. पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असेल तर नवीत कर शून्यच आहे. १४ लाखांच्या अलीकडेपलीकडे दोन्ही जवळ येतात, पण जुनी पुढे जात नाही. आणि पगार २४-२५ लाखांच्या वर गेला की बरोबरीसाठी साडेआठ लाखांच्या वजावटी लागतात. शैक्षणिक कर्जाचं व्याज किंवा अपंगत्वाची वजावट असेल तर मात्र हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

जुनी कोणाला परवडते तेही सांगतो, कारण नाशिकमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत. समजा तुमच्याच पगाराचा एक जण पुण्याला नोकरी करतो, तिथे महिना २५ हजार भाडं भरतो आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये आईवडील राहतात. त्याला एचआरए बेसिकच्या ४० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार मिळतो. सूट मात्र भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून जे उरेल तेवढीच, म्हणजे ३ लाख वजा ८० हजार, २ लाख २० हजार. त्याच्या वजावटी ६,४४,५०० वर जातात आणि जुनी पुढे येते. फक्त ५,३५६ रुपयांनी. त्यासाठी भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, घरमालकाचा पॅन हे सगळं तयार ठेवायचं. भाडं २२ हजार असतं तर पुन्हा नवीच.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर नवीतही व्याज वजा होतं, पण त्या भाड्याच्या उत्पन्नापुरतंच. वरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुनीत तो २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो.

तुमच्याकडे येऊ. नवीत एकच मोठी वजावट उरते आणि ती फार कमी जण मागतात. कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम भरली तर ती नवीत पूर्ण वजा होते. तुमच्या बाबतीत १ लाख १२ हजार, म्हणजे १७,४७२ रुपयांची बचत. हे पैसे एकूण पगारातूनच जातात, म्हणून हातात येणारा पगार तेवढा कमी होतो आणि रक्कम बहुतेक निवृत्तीपर्यंत अडकते. अंगावर घराचा हप्ता असताना हे झेपतं का, ते घरी बसून ठरवा. करायचं असेल तर एचआरला एप्रिलमध्येच सांगा. फेब्रुवारीत सांगितलं तर पगाराची रचना बदलत नाही.

पीपीएफ आणि एलआयसी कराच्या कारणाने चालू ठेवू नका, त्यांच्या गुणावर ठेवा. पीपीएफचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे, तेव्हा सुरक्षित बचत म्हणून ते चांगलंच आहे. मेडिक्लेम तर अजिबात बंद करू नका. ईएलएसएसला मात्र तीन वर्षांची कुलूपबंदी फक्त कर वाचवण्यासाठी सोसायची होती. ती आता कशाला, असा प्रश्न मी तुमच्या जागी स्वतःला विचारला असता.

वाचलेल्या ५८ हजारांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीये, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्जाच्या मुद्दलात भरा. ‘मुदतीआधी भरलं तर व्याजाची सूट जाईल’ ही भीती नवीत उरत नाही, कारण सूटच नाही. तुमचं साडेआठ टक्के व्याज खरोखर साडेआठ टक्के पडतंय. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच ५८ हजार भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्जाच्या शेवटचे नऊ-दहा हप्ते गळून पडतात. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर बँक यासाठी दंड लावू शकत नाही. भरताना ‘हप्ता नको, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. नाहीतर बँक हप्ता कमी करून मोकळी होऊ शकते.

ऑफिसात तुम्ही आधीच जुनी लिहून दिली असेल आणि टीडीएस त्या हिशोबाने कापला जात असेल तरी काही बिघडत नाही. रिटर्न भरताना नवी घेता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. पगारदाराला हे दरवर्षी बदलता येतं, त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही. उलट बाजूला मात्र सांभाळा. जुनी घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. उशिरा भरलं की नवीच लागू होते.

रिटर्नच्या फॉर्ममध्ये प्रश्न उलटा विचारलेला असतो : नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का? तिथे ‘Yes’ म्हणजे जुनी, ‘No’ म्हणजे नवी. तुम्हाला ‘No’ हवंय. सबमिट करण्याआधी करपात्र उत्पन्नाचा आकडा बघा. १५,२५,००० आणि बँकेचं व्याज मिळालं असेल तर ते मिळवून येणारी रक्कम दिसली पाहिजे. ११ लाखांच्या घरात काही दिसलं तर जुनी निवडली गेली आहे, तेव्हा मागे जाऊन ते उत्तर बदला.