फेव्हरिट की लाँगशॉट?

मित्रा, सांगलीहून पुण्याच्या रेसला पहिल्यांदाच निघालायस, तर आधी शंभराला एक भावाच्या लाँगशॉटचा, म्हणजे जिंकला तर रुपयामागे शंभर रुपये देणाऱ्या घोड्याचा मोह सोड. अमेरिकेतल्या १९९२ ते २००१ च्या शर्यतींचा हिशेब बघ. कायम फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर लावणाऱ्याचे शंभरामागे साडेपाच गेले, शंभराला एक किंवा त्याहून जास्त भावाच्या घोड्यांवर लावणाऱ्याचे ६१! म्हणजे भाव बघून वाटतं, घोडा शंभरेक शर्यतींत एकदा येईल. या तोट्यावरून उलटा हिशेब केला तर तो अडीचशेहून जास्त शर्यतींत एकदा येतो. मोठ्या रकमेच्या आशेनं लोक त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त लावतात, तिथंच भाव खाली येतो.

नवखे दोन ठिकाणी फसतात:

- कमी तोट्याला नफा समजतात. फेव्हरिटवरही शेवटी पैसे जातातच.
- हरल्यावर शेवटच्या रेसला भरपाईसाठी लाँगशॉट धरतात.

हाँगकाँगच्या काही अभ्यासांत लाँगशॉटवर जास्त तोट्याचा हा कल दिसलाच नव्हता, त्यामुळं पुण्यात हेच आकडे धरू नकोस.