कोणाला चावलेलं कुत्रं पकडलं?

प्रश्न: अर्थ स्पष्ट कळत असूनही काही प्रश्न इंग्रजीत विचारताच येत नाहीत, असं का?

आठवीत होतो. आमच्या पेठेत कुत्री पकडायची गाडी येऊन गेली होती, आणि बाईंनी वर्गात त्यावरच इंग्रजीत प्रश्न करायला सांगितले. मी उभा राहून विचारलं, ‘हू डिड दे कॅच द डॉग दॅट बिट?’ डोक्यात होतं, ‘कोणाला चावलेलं कुत्रं पकडलं?’ वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मराठीत विचार करता, म्हणून असं होतं." घरी इंग्रजी माध्यमातल्या दादाने ते वाक्य वर्षभर चघळलं. चूक काय, विचारलं तर म्हणे, "कानाला कळतं रे."

कारण मला थेट डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना कळलं. इंग्रजीत ‘हू’ आपली जागा सोडून वाक्याच्या तोंडाशी येतो. लांबून यायलाही त्याची हरकत नसते: ‘हू डू दे से द डॉग बिट?’ हे बिनतक्रार चालतं. पण ‘डॉग’ या नामाला चिकटलेल्या ‘दॅट बिट’मधून तो बाहेर पडू शकत नाही. भाषावैज्ञानिक जॉन रॉस यांनी 1967 च्या प्रबंधात अशा जागांना बेटं म्हटलं. त्याला तिथेच राहू द्या, ‘दे कॉट द डॉग दॅट बिट हू?’, की वाक्य तगतं, फक्त नीट ऐकू न आल्यासारखं वाटतं. म्हणजे अर्थामध्ये खोट नव्हतीच, अडलं होतं ते बाहेर पडताना.

मराठीत ‘कोणाला’ जागचा हलावाच लागत नाही. तो ‘चावलेलं’च्या शेजारी बसूनच विचारतो, आणि उत्तर येतं, ‘दूधवाल्याला.’ माझं मराठी वाक्य शंभर टक्के बरोबर होतं! तेव्हा पोरांना ‘इंग्रजीत विचार करा’ असं सांगू नका, ‘हू’ कुठून निघाला ते फळ्यावर बाण काढून दाखवा. दोन मिनिटं लागतात.

आता मराठीची फुशारकी नको म्हणून हेही सांगतो. ‘त्यांनी का चावलेलं कुत्रं पकडलं?’ असं विचारून पाहा. चावण्याचं कारण विचारताच येत नाही, ‘का’ पळून ‘पकडलं’ला जाऊन चिकटतो. हलत नसूनही अडकतो. चिनी भाषेतही प्रश्नशब्द जागेवरच राहतात, आणि तिथेही ‘काय’, ‘कोण’ बेटात चालतात पण ‘का’ चालत नाही, हे जेम्स हुआंग यांनी 1982 मध्ये दाखवलं.

मुळात बेटं का असतात यावर अजून भांडण आहे. कोणी म्हणतं हा व्याकरणाचाच नियम, कोणी म्हणतं ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर ताण येतो. शिवाय स्वीडिश लोक अशा काही बेटांतून शब्द खुशाल बाहेर काढतात, त्यामुळे ‘हू’ बेटातून बाहेर पडत नाही, हे इंग्रजीपुरतं धरा.

गेल्या दिवाळीत दादाला तो ‘का’वाला प्रश्न घातला. दोनदा पुटपुटला आणि म्हणाला, "कानाला खटकतंय." मी म्हटलं, कारण सांग.