पाच महिन्यांच्या बाळाचा डोळा नाकाकडे वळतो

प्रश्न: मुलगी पाच महिन्यांची आहे, डावा डोळा मधूनच नाकाकडे जातो. सासूबाई म्हणतात, आपोआप जाईल. डोळे कधी दाखवायचे? (दादर)

तीन-चार महिन्यांपर्यंत सासूबाईंचं खरं असतं, तोवर दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत असतो. पाचव्या महिन्यातही वळत असेल तर वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा. परळला केईएमचा नेत्रविभाग तुम्हाला जवळच आहे.

तोवर फ्लॅश लावून समोरून एक फोटो काढा. दोन्ही बुबुळांवर चमकता ठिपका एकाच जागी असेल, तर बहुधा नाकाचं मूळ रुंद असल्याने तसा भास होतोय. डाव्या डोळ्यातला ठिपका कानाच्या बाजूला सरकलेला असेल, तर डोळा खरंच आत वळतोय. मग मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि नजर मंदावते. उजवा डोळा तळहाताने झाकल्यावरच ती रडते का, म्हणजे डाव्याने कमी दिसतंय का, तेही बघा. फोटो ठीक आला तरी तपासणी चुकवू नका.

फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, क्वचित ती डोळ्यातल्या गाठीची खूण असते.

तक्रार नसलेल्या बाळाचे डोळे जन्मानंतर लगेच, सहा ते बारा महिन्यांत आणि तिसऱ्या वर्षी तपासतात.