संत्र्याचा रस, शहाळं, सार आणि ५.७ पोटॅशियम

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे, नागपूरला असतात. हृदयाचं पंपिंग कमी आहे, मधुमेह आहे. रामिप्रिल ५ आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ चालू आहे, क्रिएटिनिन १.४. पोटॅशियम आधी ४.८ होतं, काल ५.७ आलं. सध्या संत्र्यांचा हंगाम, त्यामुळे सकाळी मोठा ग्लास रस, दुपारी शहाळं, रात्री टोमॅटोचं सार असं चालू आहे. फळंच बंद करायची का? की गोळी थांबवू?

उत्तर:

ताई, आधी तातडीचं सांगते. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, पण हा आकडा पुढच्या भेटीपर्यंत ठेवूनही देऊ नका. आजच डॉक्टरांना फोन करून ५.७ सांगा. ते बहुधा पुन्हा रक्त तपासायला आणि ईसीजी काढायला सांगतील. स्पायरोनोलॅक्टोनवर पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं की साधारणपणे डोस निम्मा करतात आणि ६ च्या वर गेलं की थांबवतात, पण हा निर्णय त्यांचा. मधल्या काळात हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, छातीत धडधडलं, नाडी फार मंद लागली किंवा चक्कर आली तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. आणि यातलं काहीच होत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पोटॅशियम वाढलेलं बऱ्याचदा अंगाला कळतच नाही.

मी इस्पितळात आहारतज्ज्ञ होते, बरीच वर्षं किडनी आणि हृदयाच्या रुग्णांबरोबर गेली. "फळं बंद" हे वाक्य मला कधीच आवडलं नाही, कारण रुग्ण संत्र्याची फोड सोडतो आणि रसाचा ग्लास चालू ठेवतो. तो "फळ" नसतो ना!

बाबांचा दिवस मोजून बघू. संत्र्याच्या रसात १०० मिलीला साधारण २०० मिग्रॅ पोटॅशियम असतं. मोठा ग्लास ३०० मिलीचा धरला तर ६०० मिग्रॅ. शहाळ्याचं पाणीही त्याच्याच आसपास, थोडं वरच, म्हणजे एका शहाळ्यातून आणखी ६०० ते ७००. टोमॅटोचा रस संत्र्यापेक्षा किंचित जास्त. सार पातळ असेल तर कमी, पण दाटसर वाटीभर प्यायलं तर ३०० तरी धरा. एकूण झाले दीड हजाराच्या वर, तेही जेवणातली डाळ, बटाटा, पालेभाजी न धरता.

आता हा आकडा कशाशी ताडायचा ते बघा. ३९ मिग्रॅ म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट, रिपोर्टमधला आकडा याच एककात, पण दर लिटरला असतो. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशींबाहेरच्या द्रवात, ज्यात रक्तही आलं, ते सगळं मिळून फक्त ६०-७० मिलिइक्विव्हॅलंट असतं. बाबांचा सकाळचा एक ग्लास म्हणजे १५, त्या साठ्याच्या जवळपास पाव हिस्सा. तरी एरवी काही होत नाही, कारण इन्सुलिन ते लगेच पेशींत ढकलतं आणि मग किडनी काही तासांत लघवीवाटे बाहेर काढते. किडनीला हे काम सांगणारं मुख्य संप्रेरक अल्डोस्टेरॉन. रामिप्रिल ते कमी बनू देतं आणि जे बनतं त्याला स्पायरोनोलॅक्टोन किडनीत काम करू देत नाही. त्यावर मधुमेह, म्हणजे पेशींत ढकलण्याचं कामही मंद. आणि ७१ व्या वर्षी १.४ क्रिएटिनिन दिसायला किरकोळ असलं तरी किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टमधला ईजीएफआर, ५४ च्या आसपास येतो. पोटॅशियम येण्याची वाट रुंद झालीय आणि जाण्याच्या वाटा अरुंद.

म्हणून फळ आणि रस यांत मी फरक करते. एक संत्रं खाल्लं तर फोडी सोलत, चोथ्यासकट, सावकाश पोटात जातं. ग्लासात तीन-चार संत्री असतात आणि ती दोन मिनिटांत संपतात. शिवाय रसाने साखर चढते ती वेगळीच. साराचं तर गंमतशीर आहे. किडनीच्या रुग्णांना आम्ही भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्यायला सांगतो, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. सारात आपण नेमकं तेच पाणी पितो.

माझ्या मते आत्ता रस, शहाळं आणि टोमॅटोचं सार किंवा सूप पूर्ण बंद ठेवा. आकडा ५ च्या खाली येऊन स्थिरावला की दिवसाला एखादं छोटं संत्रं डॉक्टरांना विचारून सुरू करता येईल. रस मात्र नको. प्यायला लिंबूपाणी चालेल, एका लिंबाच्या रसात पोटॅशियम फारसं नसतं, पण साखर-मीठ बेताचं. पाण्याचं प्रमाण हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तर लिंबूपाणीही त्यातच धरायचं. जो माणूस नुसत्या रामिप्रिलवर आहे आणि ज्याची किडनी ठणठणीत आहे, त्याला छोट्या ग्लासाने सहसा काही होत नाही. हे सगळं बाबांसाठी आहे, शेजारच्या काकांना बंदी घालू नका.

आता स्वयंपाकघरात जाऊन मिठाची पिशवी बघा. "लो सोडियम" लिहिलेलं मीठ असेल तर त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये ५२० मिग्रॅ पोटॅशियम. "हृदयाला चांगलं" म्हणून मुलंच आणून देतात! मी कितीतरी वेळा आहाराची वही उलटीपालटी केली आणि दोषी निघालं मीठ.

औषधांची पिशवीही बघा. गुडघेदुखीसाठी मागच्या आठवड्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं का? लघवीच्या जळजळीसाठी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी, म्हणजे को-ट्रायमोक्साझोल, मिळाली का? दोन्हींनी पोटॅशियम वाढतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ट्रायमेथोप्रिम फार वाईट जोडी आहे.

एक आजी आठवतात. याच दोन प्रकारच्या गोळ्या चालू. जुलाब लागले, घरच्यांनी प्रेमाने दोन दिवस शहाळी आणि ओआरएस पाजलं, गोळ्याही न चुकता दिल्या. अंगातलं पाणी कमी झाल्याने किडनी मंदावलेली, त्यात पोटॅशियम आत येतच होतं. ओआरएसमध्येही ते असतं, लिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट. आजी पाय उचलेनात म्हणून आणल्या, तर पोटॅशियम सातच्या वर. कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन असं सगळं लागलं. वाचल्या. त्यामुळे उलट्या-जुलाब झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: या दोन गोळ्या आज द्यायच्या का, आणि प्यायला काय द्यायचं?

पुन्हा रक्त देताना एक लक्षात ठेवा. पट्टा बांधून मूठ पुन्हा पुन्हा उघडमीट करायला लावली, किंवा नमुना घरून नेऊन तासन्तास पडून राहिला, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच चढतो. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड", म्हणजे नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, असं लिहिलंय का बघा. शक्यतो बाबांना प्रयोगशाळेत घेऊन जा आणि मूठ आवळू नका म्हणून सांगा. पण आधीचं ४.८ आणि वर सांगितलेला रोजचा रस बघता, मला हा आकडा खोटा वाटत नाही.