वल्-अस्र : तीन आयती, पण वाक्य एकच

प्रश्न : "सूरह अस्र मराठी भाषांतरात वाचली. 'काळाची शपथ, माणूस तोट्यात आहे.' सगळ्यांनाच असं सरसकट तोट्यात काढणं फार निराशेचं वाटलं. आणि शपथ काळाचीच का? मला अरबी येत नाही. कुणी एकेक आयत उलगडून सांगेल का?"

आधी मूळ शब्द देतो, म्हणजे पुढे बोट ठेवून बोलता येईल. कुराणातली ही १०३ वी सूरह. बहुतेक भाष्यकारांच्या मते मक्केत उतरलेली. तीन आयती, मोजून १४ शब्द.

वल्-अस्र.
इन्नल्-इन्साना लफी खुस्र.
इल्लल्लज़ीना आमनू व अमिलुस्-सालिहाति व तवासौ बिल्-हक्कि व तवासौ बिस्-सब्र.

तुम्हाला जी निराशा जाणवली ती दुसऱ्या आयतीपाशी थांबल्यामुळे. आयती तीन असल्या तरी व्याकरणाने हे एकच वाक्य आहे. पहिल्या आयतीत शपथ, दुसरीत शपथ घेऊन जे सांगायचं ते, आणि तिसरी सुरूच होते 'इल्ला' या शब्दाने, म्हणजे 'सोडून', 'खेरीज'. पठण करणारा 'खुस्र'वर श्वास घेतो, पण वाक्य तिथे संपत नाही.

आता पहिली आयत. सुरुवातीचा 'व' हा इथे 'आणि' नसून शपथेचा आहे. कुराणात एखाद्या वस्तूची शपथ येते तेव्हा तिला साक्षीला उभं केलेलं असतं, असं भाष्यकार सांगतात. म्हणजे 'काळच साक्ष आहे' असं वाचलं की अर्थ लगेच जवळ येतो. 'अस्र'चे जुने अर्थ दोन-तीन आहेत. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडून आलेला अर्थ काळ, युग. काहींनी दिवसाचा उतरता प्रहर घेतला, काहींनी थेट अस्रची नमाज. मला पहिला अर्थ सर्वांत सावरून धरणारा वाटतो, पण दुसरा सोडवत नाही. कारण दिवसाच्या इतर वेळांच्याही शपथा कुराणात आहेत : ८९ वी सूरह पहाटेच्या शपथेने सुरू होते, ९२ वी रात्रीच्या, ९३ वी चढत्या सकाळच्या. अस्र म्हणजे सावल्या लांबायला लागतात ती वेळ. बाजारातल्या माणसाला ती वेगळी सांगावी लागत नाही. गल्ल्याकडे नजर जाते ती त्याच वेळी.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण चूक होते ती इथे. आपण मराठीत 'असर झाला' म्हणतो त्या 'असर'चा या शब्दाशी काही संबंध नाही. अरबीत ती दोन्ही अक्षरं वेगळी आहेत. देवनागरीत एकाच 'अ'त आणि एकाच 'स'त सगळं मिसळून जातं. आणि 'अस्र'चं मूळ 'पिळणं' असं आहे, म्हणून काळ माणसाला पिळून काढतो, असं व्याख्यानांत ऐकायला मिळतं. मूळ तेच, हे खरं. १२ व्या सूरहमध्ये यूसुफ यांच्यासोबतचा कैदी स्वप्नात मद्यासाठी रस पिळताना दिसतो, तिथे हाच धातू आहे. कल्पना सुंदर आहे, पण आयतीचा अर्थ तिच्यावर उभा करू नका.

दुसरी आयत. अरबीत ठासून सांगायच्या ज्या युक्त्या आहेत त्यातल्या तीन इथे एकावर एक आल्या आहेत : आधीची शपथ, मग 'इन्ना', मग 'लफी'मधला 'ल'. त्यात 'इन्सान' हा शब्द एकवचनी. एकाच माणसाबद्दल बोलणं आहे का? काही जुन्या कथनांत मक्केच्या अमुक सरदाराला उद्देशून आहे असं येतंही. पण पुढे लगेच 'ज्यांनी… ते सोडून' असं अनेकवचन आहे. एकातून अनेक वगळता येत नाहीत, तेव्हा 'इन्सान' म्हणजे अख्खी माणूसजात, हे व्याकरणच सांगतं.

आणि 'खुस्र'. हा वाण्या-व्यापाऱ्यांचा शब्द आहे. धंद्यात भांडवल बुडणं म्हणजे खुस्र. उर्दूतला 'खसारा' त्याच घरचा. ऐकणारी मक्का व्यापाऱ्यांची होती. मक्केतल्या कुरैश टोळीचे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले तांडे १०६ व्या सूरहमध्ये आले आहेत. ज्यांची हयात नफातोट्यात गेली त्यांच्याशी त्यांच्याच वहीतल्या शब्दांत बोलणं चाललंय. आणि आयत 'माणूस तोटा करतो' असं म्हणत नाही, 'तोट्यात आहे' म्हणते. तोटा आत आणि माणूस भोवती असं नाही, उलट तोटा भोवती आणि माणूस आत.

का म्हणून आत? याचं सर्वांत चांगलं उत्तर फख्रुद्दीन राज़ी यांच्या भाष्यात आहे. राज़ी १२१० मध्ये वारले. ते एका आधीच्या बुजुर्गाचं म्हणणं देतात : या सूरहचा अर्थ मी बर्फ विकणाऱ्याकडून शिकलो. तो ओरडत होता, 'ज्याचं भांडवल वितळतंय त्याच्यावर दया करा!'

हे वाचलं आणि मला माझ्या मामांचा धंदा आठवला. कोकणातल्या एका बंदरावर ते मासळीचा व्यवहार करत. मी शाळकरी असताना सुट्टीत बर्फाची लादी फोडायला मीच. गोणपाटात गुंडाळा, भुसा टाका, सावलीत ठेवा, तरी दुपारपर्यंत लादी निम्मी. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बर्फ थांबत नाही. धान्याचा व्यापारी आज विक्री झाली नाही तर उद्या करतो. बर्फवाल्याला काहीही न करता तोटा होतो. राज़ींनी दिलेल्या बोलाचं मर्म हेच आहे. आयुष्य हे भांडवल, ते आपोआप कमी होतंय. म्हणजे तोटा ही शिक्षा नाही, काहीच न केल्यास राहणारी स्थिती आहे. तुमच्या 'सरसकट'चं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

तिसरी आयत म्हणते : ज्यांनी श्रद्धा ठेवली, सत्कर्मं केली, एकमेकांना सत्याची ताकीद दिली आणि एकमेकांना सब्रची ताकीद दिली, ते सोडून. मराठी माणसाला ती जितकी परकी वाटते तितकी नाही. 'आमनू'तून आलेलं इमान आपल्या 'इमानदार', 'बेइमान'मध्ये आहे. 'अमिलू'तला अमल आपण 'अंमलबजावणी'त रोज वापरतो. 'हक्क' तर जसाच्या तसा. 'सब्र' म्हणजे आपली सबुरी. 'तवासौ'चं मूळ 'वसियत'चंच. फक्त अर्थ थोडे सरकलेत. मराठी 'हक्क' म्हणजे मला मिळायला हवं ते. अरबी 'हक्क'मध्ये सत्य, जे पक्कं आहे ते, आणि दुसऱ्याचं माझ्याकडे जे देणं आहे तेही येतं. आयतीत 'हक्कांसाठी लढा' असा अर्थ नाही. तसंच 'सबुरी'त आपण नुसतं थांबणं ऐकतो. 'सब्र'मध्ये स्वतःला बांधून, रोखून धरणं आहे. पंडित त्याचे तीन प्रकार सांगतात : आज्ञापालनात टिकणं, मोहापासून स्वतःला आवरणं, आणि नशिबी आलेलं सोसणं.

पहिल्या दोन गोष्टी, श्रद्धा आणि सत्कर्म, यांची जोडी कुराणात ठिकठिकाणी आहे. ९५ व्या सूरहमध्येही 'खेरीज' म्हणून हीच जोडी येते आणि तिथे ती पुरेशी ठरते. इथे पुढे आणखी दोन आहेत, म्हणून या आयतीवर मला जास्त वेळ घालवावासा वाटतो. 'तवासौ' हे क्रियापदाचं परस्परवाचक रूप आहे. एकाने उपदेश करायचा आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असं त्यात नाही. तू मला, मी तुला. शिवाय 'हक्क आणि सब्र यांची ताकीद' असं एका क्रियापदात भागवता आलं असतं. तरी 'तवासौ' दोनदा आलं आहे, म्हणजे दोन्ही कामं स्वतंत्र.

परत मामांकडे जातो. बांगड्याच्या टोपलीत वरचे दोन थर ताजे आणि खाली कालचा माल, असं कामाची पोरं करायची. ओळखायला सोपं आहे : कालच्याचे कल्ले लाल न राहता काळपट होतात, डोळे आत जातात. मामा पाच वेळचे नमाजी, जकात वेळच्या वेळी. स्वतः टोपली कधी भरली नाही, पण माहीत होतं आणि गप्प राहिले. आता आयतीच्या मापाने बघा. इमान आहे, स्वतःचं कर्मही ठीक, तिसऱ्या खान्यात शून्य.

एके संध्याकाळी त्यांचे भागीदार म्हणाले, "अरे, खालचा माल कालचा आहे. सांगून वेगळा लावू, भाव कमी येऊ दे." हे झालं 'तवासौ बिल्-हक्क'. भाव पडला, एक जुना गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे गेला, मामा चिडले. तेव्हा तेच भागीदार म्हणाले, "जरा कळ काढ. महिना जाऊ दे." हे चौथं. खरं बोलायला लावलं की नुकसान पुढ्यात येतं, आणि त्या वेळी शेजारी उभं राहायला कुणीतरी लागतं. मला हक्कानंतर सब्र येण्याचं कारण यात दिसतं. पुढे वजनाच्या वेळी टोपलीतलं बर्फाचं पाणी आधी निथळू दे, म्हणून भागीदारांना टोकणारे मामाच होते. परस्पर म्हणतात ते हे.

मग चारांतलं एक कमी असलं तर सगळंच बुडालं का? यावर मतं आहेत. राज़ी म्हणतात, आयत कडक आहे, सुटका चारींच्या बेरजेवर ठेवली आहे. इतर पंडित तोट्याला पायऱ्या मानतात : कुणाचं सगळं भांडवल गेलं, कुणाचं थोडं, जितकं उणं तितका तोटा. मी दुसऱ्या बाजूचा.

वाचताना आधीची १०२ आणि नंतरची १०४ सोबत घ्या, दोन्ही छोट्या आहेत. आधीचीत माणसं कबरीपर्यंत 'अजून हवं'च्या चढाओढीत आहेत, नंतरचीत एक जण पैसा मोजून मोजून ठेवतो आणि तो आपल्याला अमर करील असं समजतो. मधे ही, वितळणाऱ्या भांडवलाची.

शाफिई पंथ ज्यांच्या नावाने चालतो त्या इमाम शाफिई यांचं म्हणणं भाष्यकार इब्न कसीर यांनी नोंदवलंय : लोकांनी या एका सूरहवर विचार केला तरी त्यांना पुरे. कोकणातले आम्ही बहुतेक शाफिई, त्यामुळे हे वाक्य आमच्याकडे मदरशातच कानावर पडतं. त्याहून मला आवडते ती हदीस-संकलक तबरानी यांनी दिलेली नोंद. पैगंबरांचे दोन सहाबी, म्हणजे सोबती, भेटले की एकाने दुसऱ्याला ही सूरह ऐकवल्याशिवाय निरोप घेत नसत. ऐकवायची, मग सलाम, मग आपापल्या वाटेने.