लिफ्टची उतराई

प्रश्न : ऑफिसातले एक सहकारी अधूनमधून स्कूटरवरून स्टेशनपर्यंत सोडतात. नुसतं 'धन्यवाद' म्हटलं की कोरडं वाटतं, 'मी तुमचे खूप खूप धन्यवाद करते' म्हटलं की नाटकी. मराठीत नेमकं काय म्हणावं?

आधी ते 'धन्यवाद करते' थांबवा. धन्यवाद देतात आणि आभार मानतात. 'करणं' हिंदीतून आलंय आणि हल्ली सूत्रसंचालकांच्या तोंडून रोज ऐकावं लागतं. 'तुमचे धन्यवाद'सुद्धा नको. धन्यवाद तुम्हाला, आभार तुमचे. इतकं साधं आहे, तरी माईक हातात आला की माणसं घोटाळा करतात.

'धन्यवाद' कोरडा वाटतो यात तुमची चूक नाही. 'तू धन्य आहेस' असं बोलून दाखवणं म्हणजे धन्यवाद. मूळची ती स्तुती. दहा मिनिटं मागच्या सीटवर बसवलं म्हणून कोणी धन्य होत नाही. 'आभार'मध्ये तर भारच आहे, त्यामुळे 'आभारी आहे' हे सभेत आणि पत्रात शोभतं, स्कूटरवरून उतरताना नाही. या दोन्ही शब्दांवर एवढं पुरे.

माझा लाडका शब्द वेगळाच आहे : उतराई. 'तुमच्या उपकारांची उतराई कशी होऊ?' असं आपण म्हणतो. संतांचे उतराई व्हायला काय द्यावं, पायी जीव ठेवला तरी तो थोडाच, असं तुकोबा म्हणतात. म्हणजे शब्द केवढ्या वजनाचा ते बघा. पण हाच शब्द उत्तरेत होडीवाल्याकडे गेला की अगदी रोकडा होतो. तिथे उतराई म्हणजे नदी पार करून दिल्याचं भाडं. तुलसीदासांचा केवट रामाला आधीच बजावतो, पाय धुऊन नावेत घेईन, पण उतराई नको. पलीकडे पोचल्यावर रामाला संकोच होतो, सीता बोटातली अंगठी काढून देते, तरी तो घेत नाही. लिफ्ट देणाऱ्याला पेट्रोलचे पैसे पुढे केल्यावर त्याचा जो चेहरा होतो, तो असाच असणार!

माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात की मराठी 'उतराई'चा नावेशी काही संबंध नाही, डोक्यावरचं ओझं उतरवण्यावरून तो शब्द आला. ऐकायला छान. पण मग जुन्या मराठीत ऋणातून सुटलेल्याला 'उत्तीर्ण' का म्हणत? उत् अधिक तॄ, म्हणजे तरून पलीकडे जाणं. नदीचा 'उतार', प्रवासी 'उतारू', नाव म्हणजे 'तारू' आणि मुळात नदी ओलांडायची जागा असलेलं 'तीर्थ', सगळं गणगोत पाण्याकाठचं. परीक्षा पास होणारा उत्तीर्ण, तोही याच घाटावरचा. सरांनी ओझं खुशाल उतरवावं, मी नाव सोडणार नाही. आधी भाडं, मग ऋणाची फेड, असा अर्थ सरकला असावा असा माझा तर्क आहे. लेखी पुरावा मागाल तर सर खूश होतील.

हां, तुमचे सहकारी. आपल्याकडे छोट्या मदतीला आभाराचा शब्द फारसा लागतच नाही. त्या मदतीने काय वाचलं ते सांगायचं. 'बरं झालं तुम्ही भेटलात, नाहीतर सहा बावीस गेलीच होती.' एवढ्यात सगळं आलं, कारण यात गाडीची वेळ खरी आहे आणि ती त्यांनाही माहीत आहे. हवं तर आधी 'थँक्यू हं' जोडा. तो 'हं' महत्त्वाचा, त्याशिवाय 'थँक्यू' दुकानदाराला म्हटल्यासारखा वाटतो. मग 'सावकाश जा' म्हणून निघा. बरोबरीची मैत्रीण असेल तर 'वाचवलंस गं!' पुरतं. शेजारच्या काकूंनी येताना औषध आणून दिलं तर 'काकू, तुमची चक्कर झाली माझ्यापायी' म्हणायचं आणि औषधाचे पैसे तिथल्या तिथे द्यायचे. औषधाचे द्यायचे, चकरेचे नाहीत.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? समोरचा एकदा 'त्यात काय एवढं' म्हणाला तर ठीक. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, तर तुम्ही त्याला तुमची समजूत काढायला लावलीत. रात्री पुन्हा हात जोडलेल्या इमोजीसकट मेसेज पाठवलात तर पुढच्या वेळी तो तुम्हाला बघून स्कूटर थांबवताना विचार करेल. त्यापेक्षा चार दिवसांनी डब्यातली एक थालीपीठाची चतकोर पुढे सरकवा. केवटानेही परतताना जे द्याल ते प्रसाद म्हणून घेईन असं म्हटलं होतंच.