रोज तासभर चालूनही उठताना हात का टेकावा लागतो?

"मी ६७ वर्षांची आहे. रोज तासभर चालते, कॅल्शियमच्या गोळ्या घेते. तरी जमिनीवरून उठताना हात टेकावाच लागतो. हाडं ठिसूळ व्हायला लागलीत म्हणे. अशात वजनं उचलली तर मोडायची नाहीत का?"

काकूंचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.१ होता, म्हणजे हाडं विरळ झालेली, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आधी कुठलं हाड मोडलेलं नव्हतं. मग त्यांना बिनहाताच्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि पाच वेळा उठबस करायला सांगितली. १९ सेकंद लागले. पंधराच्या वर गेलं की पायातली ताकद कमी झाली असं धरतात.

चालणं हृदयाला चांगलंच, पण सवयीच्या चालण्यात मांडीला नवा भार पडत नाही. वयाबरोबर झटकन ताकद लावणारे स्नायूतंतू आधी झिजतात, त्यामुळे ठेच लागल्यावर तोल सावरायला पाय वेळेवर पुढे पडत नाही. खुबा मोडतो तो बहुतेकदा असा पडूनच. हाडालाही स्नायूची ओढ आणि भार जाणवला तरच ते टिकून राहतं. घरी मात्र सूनबाई "आई, तुम्ही बसा" म्हणून पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हती. प्रेमानेच, पण नुकसान व्हायचं ते होतंच.

सुरुवात खुर्चीवर उशी ठेवून केली. आठ वेळा उठबस, थोडा दम खाऊन पुन्हा आठ, एक दिवस आड. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. गप्पा मारत बारा होत असतील तर भार कमी पडतोय. बारा सहज जमल्या की उशी काढली, पुढे छातीशी किलोभर डाळीची पिशवी आली. काकू बसताना धप्पकन पडायच्या आणि उठताना श्वास कोंडायच्या. त्याने रक्तदाब चढतो, म्हणून उठताना तोंडाने श्वास सोडायला लावला आणि बसताना तीन आकडे मोजायला.

पायाचे अंगठे धरायचं वाकणं मात्र बंद केलं, कारण त्यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर चालतं. सांधा सुजला किंवा पाठीत अचानक कळ आली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

तीन महिन्यांनी पाच उठबशांना १२ सेकंद लागले. काकू लगेच पुन्हा डेक्सा करायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. ताकद काही आठवड्यांत वाढते, हाडाला वर्ष तरी लागतं. वर्षाने स्कोअर तिथेच होता. त्या हिरमुसल्या, या वयात घट थांबली हेच कमावलं, हे त्यांना पटायला वेळ लागला. स्कोअर आणखी घसरला असता किंवा हाड मोडलं असतं, तर नुसत्या व्यायामावर भागलं नसतं. औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागलं असतं.